सोसायटीत फ्लॅट रोजच्या भाड्याने: बंदी घालता येते का, आणि घालावी का?

अनघा_जो

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी लोणावळ्यात आहे, ४२ फ्लॅट्सची. सतरा-अठरा कुटुंबं बारा महिने राहतात, बाकीचे मालक मुंबई-पुण्याचे, सुट्टीत येणारे. गेल्या दोन वर्षांत त्यातल्या चार मालकांनी फ्लॅट अॅपवर टाकले आहेत. एक रात्र, दोन रात्री, शनिवार-रविवार. पावसाळ्यात तर एकही वीकएंड रिकामा जात नाही.

मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास बी विंगमध्ये ३०४ ची बेल वाजली. आत सत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्या. दारात सहा मुलं, बॅगा, स्पीकर. त्यांचं बुकिंग ए विंगच्या ३०४ चं होतं. मुलं भली होती, माफी मागून गेली, पण आजी रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं की चारही फ्लॅट्सच्या किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये बिस्किटांच्या डब्यात असतात, चिकटपट्टीवर नंबर लिहून. जो येऊन मोबाईलवर बुकिंग दाखवेल त्याला किल्ली मिळते. एका मालकाने तर जिन्यातल्या फायर होजच्या पेटीला नंबरचं कुलूप असलेली किल्लीची डबी स्क्रूने बसवली आहे.

समितीतल्या काहींचं म्हणणं, सरळ नोटीस लावा, 'अल्पमुदतीच्या भाड्यास बंदी'. मालक म्हणतात घर आमचं, हप्ते आमचे. मला दोन्ही बाजू कळतात. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. ज्यांच्या सोसायटीने याचं काही धोरण केलंय त्यांनी कृपया सांगा: कायद्याने काय करता येतं, आणि प्रत्यक्षात काय चालतं?

वैभव_आर

सोपं आहे. सोसायटीच्या परवानगीशिवाय फ्लॅट भाड्याने देताच येत नाही. एनओसी देऊ नका, विषय संपला. आणि ज्यांनी दिलाय त्यांना दुप्पट-तिप्पट मेंटेनन्स लावा. आमच्याकडे भाडेकरू असलेल्यांना आम्ही असाच लावतो.

नाना_ठाणेकर

अहो भाडेकरूंचा त्रास विचारूच नका. आमच्या मजल्यावर चार बॅचलर आहेत, अकरा महिन्यांच्या करारावर. चपलांचा ढीग दारात, रात्री दोनला स्विगीवाला. आम्ही तीन पत्रं दिली समितीला. काही होत नाही. बॅचलर नकोच असा ठराव करता येतो का कुणी सांगेल काय?

मृण्मयी_के

नाना, अनघाताईंचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडचे चारजण निदान वर्षभर तेच आहेत, नावं माहीत आहेत, तक्रार कुणाची करायची ते कळतं. त्यांच्याकडे दर शनिवारी नवी माणसं येतात.

प्रकाश_मा

मी या धाग्यावरचा 'तो' मालक समजा. माझा फ्लॅट लोणावळ्यात नाही, पाचगणीला आहे, पण गोष्ट तीच. निवृत्तीनंतर राहायला जाऊ म्हणून घेतला, पत्नीच्या तब्येतीमुळे जाता आलं नाही. बंद फ्लॅटला ओल धरते, लाकूड फुगतं, उंदीर वायरी खातात. अॅपवर दिल्यापासून घर नीट राहतं, एका बाईंना साफसफाईचं काम मिळालं, मेंटेनन्स मी कधी थकवला नाही. माझ्या पाहुण्यांपैकी बहुतेक कुटुंबं असतात, आईवडिलांना घेऊन येणारी. पाच-दहा टक्के उपद्रवी निघतात म्हणून सगळ्यांना बंदी हा न्याय नाही. किल्लीचा डबा ठेवणं चूकच आहे, ते बंद करा की. पण माझं घर मी कुणाला द्यायचं हे सोसायटीने का ठरवावं?

सहकार_शेखर

सोसायट्यांचं लेखापरीक्षण करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वैभव, तुम्ही सांगता तो काळ मागे पडला. आदर्श उपविधींमधला ४३ क्रमांकाचा उपविधी बघा. त्यानुसार सभासदाला फ्लॅट पोटभाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवल्याची प्रत द्यावी लागते. त्यामुळे 'एनओसी नाही' हे हत्यारच हातात नाही. तिप्पट मेंटेनन्सही चालणार नाही. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा लावायचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा तो शासन आदेश आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात तो कायम ठेवला. तुमच्या सोसायटीतला एखादा भाडेकरूवाला सभासद उपनिबंधकांकडे गेला, तर जास्तीचे घेतलेले पैसे परत द्यावे लागतील.

आता हाच ४३ वा उपविधी मालकांच्या बाजूने वाचून बघा. दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी आठ दिवस आधी सूचना कोण देतं? करार कुठे असतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. एका वीकएंडसाठी कुणी नोंदणी करत नाही. तेव्हा मालकाला विचारायचं, हे तुम्ही नक्की काय करताय? भाड्याने देणं असेल तर ४३ च्या अटी प्रत्येक पाहुण्याला लागू होतात. आणि 'हे भाड्याने देणं नव्हे, ही नुसती राहायची सोय आहे' असं म्हणाल तर ते लॉजिंग झालं, मग निवासी म्हणून मंजूर झालेल्या फ्लॅटचा वापर तुम्ही बदललात का, असा पुढचा प्रश्न उभा राहतो. मालक दोन्हीकडून अडतो.

पण सोसायटीनेही यात फार उड्या मारू नयेत. निवासी वापराचा मुद्दा सहकार न्यायालयात दोन्ही बाजूंनी मांडता येतो. पाहुणा तिथे झोपतो, जेवतो, राहतोच, मग वापर निवासीच नाही का, असा मालकाचा वकील विचारणार. अशा वादाला वर्षं लागतात. समितीने बंदीची नुसती नोटीस लावली तर ती पहिल्याच तक्रारीत पडेल.

वैभव_आर

शेखरकाका, आम्ही तर सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव केला होता जास्त शुल्काचा. सभा सर्वोच्च असते ना?

सहकार_शेखर

सभा सर्वोच्च, पण कायदा, नियम आणि उपविधी यांच्या चौकटीत. एकमताने केला म्हणून कायद्याच्या विरुद्धचा ठराव कायदेशीर होत नाही.

शमा_पर्वरी

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे हे सगळं तुमच्या आधी सुरू झालं. इथे १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे आणि पाहुणे ठेवणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, घर असो वा फ्लॅट. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये समितीने बंदीबिंदी काही घातली नाही. फक्त पत्र पाठवलं की नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्या. अर्ध्या लोकांकडे नव्हतीच. त्यातल्या काहींनी नोंदणी केली, काहींनी फ्लॅट अॅपवरून काढून वर्षाच्या भाड्याने दिला. भांडण न होता संख्या कमी झाली.

किरण_बाणेर

शमाताई, हा उपाय महाराष्ट्रात तितका कामाला येत नाही. आपल्याकडची निवास-न्याहारी नोंदणी ही योजना आहे, ज्याला हवी तो घेतो. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत तर मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे अशी अट आहे. आपण ज्या फ्लॅट्सबद्दल बोलतोय तिथे मालक नसतो हीच तर अडचण.

मी बाणेरच्या एका सोसायटीत अध्यक्ष आहे. आम्ही या सगळ्यातून गेलोय, म्हणून काय झालं ते क्रमाने सांगतो.

माझ्या आधीच्या समितीने पहिल्यांदा नोटीस लावली, बंदीची. दोन मालकांनी उपनिबंधकांकडे तक्रार केली. असा अधिकार समितीला कुठल्या उपविधीने मिळाला, याचं उत्तर देता आलं नाही. नोटीस मागे घ्यावी लागली आणि त्या दिवसापासून ते मालक समितीचं काहीच ऐकेनासे झाले.

मग दर पाहुण्यामागे दिवसाला ५०० रुपये 'पाहुणा शुल्क' लावलं. कारण दिलं पाण्याच्या टँकरचं. एका मालकाच्या नावावर चार महिन्यांत २२,००० रुपये बाकी दिसायला लागली. त्याने लेखी विचारलं की पाण्याचा खर्च उपविधींप्रमाणे नळजोडांची संख्या आणि आकार यावरून वाटला जातो, माणसं मोजून नाही, मग हे शुल्क कोणत्या हिशेबाने? तो बरोबर होता. माझ्या समितीने ती रक्कम उलटी नोंद करून काढली. त्याच मालकाचं कायदेशीर बिनभोगवटा शुल्क किती होतं बघा. महिन्याचं बिल ४,६०० रुपये, त्यात पालिकेचा कर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी सोडून निव्वळ सेवाशुल्क ३,२००. त्याचे १० टक्के म्हणजे ३२० रुपये. फ्लॅट एका रात्रीला चार हजाराच्या पुढे जातो. तेव्हा पैशाच्या वाटेने कुणाला रोखता येईल ही कल्पनाच सोडून द्या.

कामाला आलं ते तिसरं. आम्ही फ्लॅटच्या आत काय चालतं हा विषय बाजूला ठेवला आणि गेट, जिना, लिफ्ट, पार्किंग या सामाईक जागांपुरते नियम सर्वसाधारण सभेत केले. सामाईक जागा सोसायटीच्या, तिथे नियम करायला कुणी हरकत घेतली नाही. पहिलं, सुरक्षारक्षक कुणाचीही किल्ली ठेवणार नाही आणि सामाईक भिंतीवर, रेलिंगवर, फायरच्या पेटीवर किल्लीची डबी लावली तर सोसायटी काढून टाकेल. दुसरं, मालकाने किंवा त्याच्या माणसाने पाहुण्याला गेटवर येऊन घ्यायचं, दारापर्यंत पोचवायचं. एवढ्या एका नियमाने सत्तर टक्के कटकट संपली असं मी म्हणेन. कारण ज्याला बाणेरमध्ये माणूस ठेवणं परवडत नव्हतं, तो धंदा लांबून चालवत होता आणि त्याच्याच फ्लॅटच्या तक्रारी जास्त होत्या.

जिन्यावरचा_मन्या

म्हणजे आमच्या वॉचमनचं प्रमोशन रद्द. सध्या तोच फ्रंट डेस्क मॅनेजर आहे, टिपसुद्धा घेतो.

किरण_बाणेर

मन्या, टिपेचा मुद्दा गंभीर आहे. आमच्याकडे रक्षकाला एक मालक महिन्याला हजार रुपये देत होता. तो रक्षक मग त्या फ्लॅटच्या पाहुण्यांची नोंदच करायचा नाही. एजन्सीशी करार करताना 'सभासदाकडून वेगळे पैसे घेणार नाही' हे कलम घालून घ्या.

मृण्मयी_के

किरण, मला गेटवरच्या नोंदीची दुसरी बाजू मांडायची आहे. माझी मावसबहीण मागच्या दिवाळीत नागपूरहून आली. गेटवर तिला आधार कार्ड मागितलं, रक्षकाने स्वतःच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला. का, तर 'अॅपवाले पाहुणे पण बहीणच सांगतात'. तो फोटो आज कुणाच्या मोबाईलमध्ये आहे, मला माहीत नाही. भाड्याच्या पाहुण्यांना आवर घालताना आमच्या घरी येणाऱ्या नातेवाइकांनाच परकं करून टाकलं. ओळखायचं कसं, कोण पैसे देऊन आलंय आणि कोण माझं माणूस आहे?

अनघा_जो

मृण्मयी, आमच्या सभेत हाच प्रश्न सगळ्यात जास्त तापणार आहे. एक मालक आताच म्हणतात, 'ते माझे मित्र आहेत, सिद्ध करा'.

सहकार_शेखर

सिद्ध करणं अवघड नाही. अॅपवरची जाहिरात सार्वजनिक असते, त्यात फ्लॅटचे फोटो, दर, शेरे. त्याचे तारखेसह स्क्रीनशॉट समितीच्या कागदपत्रांत ठेवा. गेटच्या नोंदवहीत दर वीकएंडला वेगळी आडनावं दिसली तर 'मित्र' हे उत्तर टिकत नाही. पण हा पुरावा फ्लॅटविरुद्ध गोळा करा, पाहुण्याच्या खिशात हात घालू नका.

आधारबद्दल मृण्मयीताईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ओळखपत्र तपासून ठेवण्याची जबाबदारी मालकाची, कारण पैसे तो घेतो. गेटला नाव, किती माणसं, गाडीचा नंबर, कधी येणार, कधी जाणार आणि मालकाच्या स्थानिक माणसाचा फोन एवढंच पुरतं. पोलिसांनी विचारलं तर मालकाने ओळखपत्रं द्यायची. नातेवाइकांसाठी सभासदाने गेटवर एक फोन केला की झालं.

आणि परदेशी पाहुणा असेल तर आणखी एक गोष्ट. तो आल्यापासून २४ तासांत ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात ती माहिती ऑनलाइन भरावी लागते. त्यासाठी मालकाला आधी स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते. ही हॉटेललाच लागू आहे असा समज आहे, पण घरात पैसे घेऊन ठेवणाऱ्यालाही ती चुकत नाही. तुमच्या चार मालकांना एकदा विचारून बघा, किती जणांनी केलीय.

प्रकाश_मा

मी केलीय. दोन वर्षांपूर्वी एक जर्मन जोडपं आलं तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन विचारून घेतलं.

किरण, तुमच्या नियमातला माणूस ठेवण्याचा मुद्दा मला मान्य आहे, मी तसंच करतो. साफसफाई करणाऱ्या मावशींचा मुलगा गाडीजवळ जाऊन किल्ली देतो, कचरा कुठे टाकायचा, लिफ्ट रात्री बंद पडली तर काय करायचं, सगळं सांगतो. पण एक सांगा, तुम्ही रात्री उशिरा येणाऱ्यांचं काय करता? घाटात ट्रॅफिक लागलं की माझी कुटुंबं अकरा-बारालाच पोचतात. त्यांना गेटबाहेर ठेवणार का?

किरण_बाणेर

ठेवत नाही. वेळेचा नियम आम्ही केला होता, रात्री दहापर्यंत. पहिल्याच महिन्यात लहान बाळ घेऊन आलेलं कुटुंब सव्वाअकराला गेटवर होतं. रक्षकाने मला फोन केला. बाहेर ठेवणं माणुसकीला धरून नव्हतंच. नंतर आम्ही तो नियम बदलला. दहानंतर येणार असाल तर मालकाचा माणूस गेटवर हजर हवा, नसेल तर मालकाच्या नावावर एक तक्रार चढते. पाहुण्याला शिक्षा नाही, मालकाला आहे.

नाना_ठाणेकर

तक्रार चढून पुढे काय होतं? आमच्या तीन पत्रांसारखीच ना?

किरण_बाणेर

नाना, चांगला प्रश्न. उपविधी मोडल्याचा दंड सर्वसाधारण सभा ठरवू शकते, पण आदर्श उपविधींप्रमाणे आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ५,००० रुपये. त्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि सभेपुढे म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पाच हजार ही रक्कम अशा मालकाला मोठी नाही, मान्य. पण सभेत पन्नास शेजाऱ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं ना, ते जड जातं. आमच्याकडे एका मालकाला तसं बोलावलं. त्याच्या फ्लॅटमध्ये एका शनिवारी चौदाजण होते, टू बीएचकेमध्ये. त्याने तिथेच सांगितलं की अॅपवर माणसांची मर्यादा सहा करतो. केली.

तुमच्या चार मुलांबद्दल: ते अविवाहित आहेत म्हणून त्यांना मज्जाव करणारा ठराव टिकणार नाही. आवाजाची आणि चपलांची तक्रार करा, ती कुणाविरुद्धही करता येते.

माधुरी_सिंगापूर

इथे हा वाद सोसायटीत होतच नाही, कारण सरकारनेच ठरवून टाकलंय. खाजगी फ्लॅट कमीत कमी सलग तीन महिन्यांसाठीच भाड्याने देता येतो, सरकारी गृहनिर्माणाचा असेल तर सहा महिने. वीकएंडचं भाडं बेकायदेशीर. माझ्या इमारतीत लिफ्टजवळच तसा फलक आहे. तुम्ही किमान दिवसांची अट घातली तर?

वैभव_आर

हे आवडलं. किमान ३० दिवस करा. मग अॅपवरचे आपोआप गळतील.

सहकार_शेखर

किमान मुदत घालायची असेल तर ती नोटिशीने किंवा साध्या ठरावाने घालता येत नाही. उपविधी दुरुस्तीच लागेल. सभेच्या सूचनेसोबत दुरुस्तीचा मसुदा शब्दशः पाठवायचा, १४ दिवसांची सूचना, हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं, मग उपनिबंधकांकडे प्रस्ताव. ते नोंदवत नाहीत तोवर ती दुरुस्ती अंमलात येत नाही, हे कलम १३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. बऱ्याच समित्या सभा संपली की दुसऱ्या दिवशी फलक लावतात आणि तिथेच फसतात.

अनघाताई, तुमच्याकडे गणित बघा. ४२ पैकी सतरा-अठरा कुटुंबं तिथे राहतात. सभेला समजा ३० जण आले तर २० मतं लागतील. राहणारे सगळे आले तरी दोन-तीन मतं बाहेरच्या मालकांची हवीत. ज्यांनी फ्लॅट अॅपवर दिलेला नाही पण उद्या द्यायचा विचार आहे, असे मालक किती, ते आधी फोन करून चाचपून घ्या.

किरण_बाणेर

आम्ही किमान सात रात्रींची दुरुस्ती मंजूर केली. उपनिबंधकांकडून त्यावर विचारणा आली की उपविधी ४३ सभासदाला जो मोकळेपणा देतो त्याच्याशी हे कसं जुळतं. आम्ही उत्तर दिलंय, सुरक्षेचा आणि शेजाऱ्यांच्या उपद्रवाचा मुद्दा मांडून, तक्रारवहीच्या प्रती जोडून. अजून नोंदणी व्हायची आहे. त्यामुळे आज आमच्याकडे किमान मुदत नाही, फक्त गेटचे नियम चालतात.

प्रकाश_मा

सात रात्रीही अन्यायच आहे. पाचगणीला सात रात्री कोण राहतं? ही बंदीच झाली, फक्त नाव वेगळं.

मृण्मयी_के

प्रकाशकाका, तुमच्यासारखे मालक असतील तर मला एका रात्रीचाही त्रास नाही. पण धोरण चांगल्या मालकाकडे बघून करता येत नाही. पंचवीस फ्लॅट्स एकाच कंपनीने भाड्याने घेऊन अॅपवर चालवले तर काय? आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये असं सुरू झालंय. मालकाने अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार केला, कागद चोख, आणि तो भाडेकरू पुढे रोजच्या भाड्याने देतो. सोसायटीला करार दिसतो एका माणसाचा, येतात वेगळेच.

सहकार_शेखर

हे फार बारकाईने बघण्यासारखं आहे. त्या करारात 'लायसन्सी पुढे कुणालाही जागा देणार नाही' असं कलम बहुतेक वेळा असतं. सोसायटीकडे प्रत येते तेव्हा ते वाचा. कलम असेल तर मालकाला पत्र लिहा की तुमचाच करार मोडला जातोय, कृपया कारवाई करा. कलम मुद्दाम गाळलेलं असेल तर मालकाला सगळं माहीत आहे असं समजा आणि जबाबदारी सरळ त्याच्यावर ठेवा. सोसायटीचं नातं सभासदाशी आहे, त्या मधल्या माणसाशी नाही. कंपनीशी पत्रव्यवहार करत बसू नका.

गच्चीवाला

आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची. हा ४३ आम्हाला लागू आहे का?

सहकार_शेखर

नाही. तुम्हाला तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन आणि त्यासोबतचे उपविधी लागू. ते काढून वाचा, त्यात वापराबद्दल स्वतंत्र कलम असू शकतं. वर मी आणि किरणने लिहिलेलं सगळं सहकारी सोसायटीचं आहे, ते जसंच्या तसं उचलू नका.

अनघा_जो

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या समितीच्या बैठकीत हा धागा मी वाचून दाखवला. बंदीची नोटीस लावायची नाही असं ठरलं. सभेपुढे आम्ही ठेवतोय ते असं: किल्ल्या वॉचमनकडे राहणार नाहीत, फायरच्या पेटीवरची डबी पंधरा दिवसांत मालकाने काढायची, नाहीतर सोसायटी काढेल. अॅपवर देणाऱ्या प्रत्येक मालकाने लोणावळ्यातल्या एका माणसाचं नाव आणि फोन द्यायचा आणि तो माणूस पाहुण्याला गेटवर घेईल. पाहुण्यांची नावं, संख्या, गाडीचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. आधारचे फोटो गेटवर कुणी काढायचे नाहीत. आणि जाहिरातीत विंगचं नाव ठळक लिहायचं, ही अट आजींच्या मुलाने सुचवली.

किमान मुदतीवर समितीत एकमत झालं नाही. दोघांना ३० दिवस हवेत, दोघांना काहीच नको, मी मध्ये. तो विषय या सभेत नुसत्या चर्चेला ठेवतोय, मतदान नाही.

एक राहिलं. आमच्याकडे स्विमिंग पूल आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. जाहिरातीत 'पूल' असं लिहून पाहुणे आणले जातात. पुलाचा वापर सभासद आणि त्यांच्या कुटुंबापुरता ठेवता येईल का?

किरण_बाणेर

पूल सामाईक जागा आहे, सभेत नियम करता येतो. पण भाडेकरू आणि अॅपचे पाहुणे यांना एकाच पंक्तीला बसवू नका. वर्षभर राहणाऱ्या भाडेकरूच्या मुलांना पुलापासून तोडलंत तर वेगळं भांडण सुरू होईल. आम्ही नोंदणीकृत करार असलेल्यांना वार्षिक पास दिला, बाकी कुणाला नाही.

प्रकाश_मा

पूल पूर्ण बंद करण्याऐवजी मालक सोबत असेल तर पाहुण्यांना येऊ द्या, असं करता येईल का? माझ्या मते एवढं सोसायटीने मान्य करायला हरकत नाही.

मृण्मयी_के

मालक स्वतः सोबत असेल तर माझी काहीच हरकत नाही. पण 'मालकाचा माणूस' नको, पुलावर मालकच हवा. आणि जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो ते बघून वेळ ठरवा, आमच्याकडे सातला जातो आणि पाहुणे आठनंतर उतरतात.